जकात काढताना दुकानातला माल विसरू नकोस

जकात म्हणजे मुसलमानाने वर्षातून एकदा आपल्या संपत्तीतून काढायचं बंधनकारक दान. तुझं कापडाचं दुकान आहे, म्हणून तसंच उदाहरण घे. बँकेत 80,000, दीड लाखाचं सोनं, दुकानात आजच्या विक्रीभावाने 2,00,000 चा माल. व्यापाऱ्याचे 30,000 देणे वजा कर. उरले 4,00,000, अडीच टक्क्यांनी जकात 10,000. कपाटं, शिलाई मशीन धरायची नाहीत, ती विकायला ठेवलेली नाहीत.

इस्लामी कायद्याच्या हनफी पद्धतीत हे सगळं एकत्र मोजतात. निसाब म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, ती चांदीची, म्हणजे 612.36 ग्रॅमची धरतात. जकात काढशील त्या दिवसाचा चांदीचा भाव सराफाला विचार. निसाबाखालचा माणूस स्वतःच गरजू असू शकतो, म्हणून त्याच्याकडून घेत नाहीत. वर्ष मात्र चांद्र धर. जकात रमजानमध्येच काढायला हवी असं नाही.