ड्राफ्टमध्ये रंग केव्हा पक्का करावा?

प्रश्न: मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे पॅकमधून एकेक कार्ड निवडत डेक जमवताना, सुरुवातीलाच भारी निळं कार्ड मिळालं, तर शेवटपर्यंत निळंच धरायचं का?

उत्तर: निदान पहिल्या पाच-सहा निवडींपर्यंत तरी धरू नये. छत्रपती संभाजीनगरात आम्ही आठ जण खेळायला बसतो. प्रत्येक जण आपल्या पॅकमधून एक कार्ड घेतो आणि उरलेला पॅक शेजाऱ्याकडे देतो. पहिला पॅक डावीकडे सरकतो, त्यामुळे उजवीकडचे खेळाडू कोणता रंग सोडत आहेत, हे हाती येणाऱ्या पॅकमधून कळत जाते. गेल्या खेपेस माझ्या पहिल्या दोन निवडी निळ्या होत्या, मात्र सहाव्या निवडीला अवघा एक लाल माना, म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा, खर्चून तीन डॅमेज करणारे कार्ड शिल्लक दिसले, म्हणजे पाच जणांनी ते सोडले होते. एखाद्या वेळी हा योगायोगही असतो, म्हणून मी ते घेतले, पण रंग पक्का केला नाही. नवव्या निवडीला माझाच पहिला पॅक फिरून आला आणि त्यातली दोन चांगली लाल कार्डे जशीच्या तशी होती, तेव्हा मात्र मी लालकडे वळलो. दुसरा पॅक उलट दिशेने फिरतो, त्यामुळे पहिल्या फेरीत आपण डावीकडे लाल जाऊ दिले नसेल, तर आता तिकडून लाल येण्याची शक्यता वाढते. चाळीस कार्डांच्या डेकमध्ये माना देणारी साधारण 17 लँड कार्डे असतात, उरलेल्या 23 जागांसाठी चाळीसहून अधिक निवडी मिळतात. तेव्हा ती दोन निळी कार्डे बाजूला पडली, तरी (मन हळहळते, हे खरे) डेक अडत नाही.