ब्लॉक प्रिंट आणि बांधणीची पहिली धुलाई

प्रश्न: "नवीन ब्लॉक प्रिंटचा कुर्ता आणि लाल बांधणीची सुती ओढणी घेतली आहे. पहिल्यांदा रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होतो, असं सगळे सांगतात. खरं आहे का?"

नाही, आणि ओढणीचं तर त्याने नुकसानच होईल. रंग पक्का व्हायचा तो रंगाऱ्याकडेच होतो. मीठ सुटा रंग सुताला धरून ठेवतं, त्यामुळे तो नीट निघून जात नाही आणि पुढच्या धुण्यांत थोडा थोडा सुटत राहतो. व्हिनेगरचाही सुती कापडाला उपयोग नाही.

कुर्त्याचा रंग बहुधा पिगमेंटचा असेल. उलट बाजूने नक्षी फिकट दिसते का आणि छापलेला भाग किंचित कडक लागतो का, ते बघा. पिगमेंट धाग्यात मुरत नाही, चिकट द्रव्याच्या थराने वर बसतो आणि उष्णता देऊन पक्का केला जातो. तो पाण्यात फारसा जात नाही, घासल्याने जातो. म्हणून ब्रश नको, उलटा करून धुवा. निळीने रंगवलेलं कापडही घासल्यावर हाताला निळं लागतं. पाणी मात्र त्या मानाने कमी रंगतं.

खरी काळजी ओढणीची. बांधणीत पांढरे राहायचे ठिपके आधी बांधून फिका रंग चढवतात, मग आणखी ठिपके बांधून गडद रंगात बुडवतात. शेवटच्या लालचा सुटा अंश राहिला, तर ओल्या घडीतून तो थेट पांढऱ्या ठिपक्यांवर उतरतो. हा अंश दोन तऱ्हांचा असू शकतो. रिॲक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंध जोडतो, पण काही रंग पाण्याशीच अभिक्रिया करून वाया जातो आणि कापडात नुसता अडकून राहतो. तो एकदा धुऊन गेला की प्रश्न मिटला. डायरेक्ट रंगाला असा बंध नसतो, तो प्रत्येक वेळी थोडा जातोच.

आधी कोपरा ओला करून पांढऱ्या सुती फडक्यात दाबा. डाग पडला, तर ओढणी वेगळी, भरपूर थंड पाण्यात, सौम्य साबणाने दोन-तीन मिनिटांत धुवा. भिजत ठेवू नका. पाणी बदलत खळबळा. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला रंग जवळजवळ थांबला, तर तो अडकलेला रिॲक्टिव्ह असावा. तसाच लाल येत राहिला, तर डायरेक्ट समजा आणि ती कायम वेगळीच धुवा.

पिळून गोळा करून ठेवू नका. कोरड्या टॉवेलात पसरून पाणी टिपा आणि लगेच सावलीत एकेरी वाळत घाला. बऱ्याच बांधण्या बादलीपेक्षा या ओल्या गोळ्यातच खराब होतात. ठिपके गुलाबी झालेच, तर वाळू देऊ नका. ओल्यातच पुन्हा भरपूर पाण्यातून काढा, वाळल्यावर डाग हट्टी होतो.

रेशमी बांधणी असती तर गोष्ट वेगळी: तिचे रंग बहुधा आम्लात बसणारे असतात, तिथे शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर चालतं.