बोलत नाही म्हणून मार्क कापायचे का?

"माझ्या हाताखाली क्वालिटीत एक कर्णबधिर मुलगा आहे, चार वर्षं झाली. अप्रेझल फॉर्ममध्ये कम्युनिकेशन, पुढाकार असे कॉलम आहेत, तिथे त्याला काय मार्क द्यावेत तेच कळत नाही. कमी दिले तर मनाला लागतं, जास्त दिले तर बाकीची पोरं म्हणतात याला सूट आहे. मी काय करू?"

चाकणच्या बाजूचे एक सुपरवायझर जानेवारीत माझ्याकडे आले होते, त्यांचीच गोष्ट सांगते, कारण त्यांच्याही हातात असाच फॉर्म होता, फक्त त्यांनी तो पेन्सिलने भरून आणलेला. पाच कॉलम, प्रत्येकी 20 मार्क. क्वालिटी 10, कामाचा वेग 16, हजेरी 18, कम्युनिकेशन 6, पुढाकार 6, एकूण 56. आणि आदल्या तीन वर्षांचे फॉर्म बघितले तर सगळीकडे सरसकट 16, एकूण 80, रिमार्कची जागा कोरी. मी आधी तेच विचारलं, की 80 वरून 56 वर मुलगा एका वर्षात कसा आला? ते म्हणाले खरं सांगू का मॅडम, आधी मी बघतच नव्हतो, बिचारा येतो, मुकाट्याने काम करतो म्हणून 16 टाकायचो, यंदा त्याने पाठवलेला लॉट परत आला आणि वरून विचारणा झाली.

म्हणजे 80 पण अंदाजाने दिलेले आणि 56 पण अंदाजानेच. हे मला तुम्हालाही आधी सांगायचंय, की दयेने दिलेला चांगला मार्क पण त्या माणसाच्या कामाकडे न बघताच दिलेला असतो.

आम्ही फॉर्म बाजूला ठेवला आणि एका कोऱ्या कागदावर लिहिलं की फायनल इन्स्पेक्शनला बसलेल्या माणसाकडून कंपनीला नेमकं काय हवंय. चारच गोष्टी निघाल्या. खराब पीस बाहेर जाऊ नये, चांगला पीस उगाच रिजेक्ट होऊ नये, लॉट टेबलावर अडकून राहू नये, आणि मशीनवर काही बिघडायला लागलं तर ऑपरेटरला वेळेत कळावं. या चारांत कुठेच "बोलणं" नाही. चौथ्या गोष्टीत कळवणं आहे, पण ते लाल टॅग लावून होतं, फोटो पाठवून होतं, पीस हातात देऊन बोट दाखवून पण होतं. सुपरवायझर 6 मार्क देत होते ते सकाळच्या मीटिंगमध्ये तो काही बोलत नाही म्हणून, आणि ती मीटिंग तोंडी चालते.

मग त्या लॉटकडे वळलो, आणि इथे मी मुद्दाम खूप वेळ घालवला, कारण सगळं तिथेच अडकलं होतं. बुशचा पार्ट होता, आतलं बोअर 25 मिमीचं, वरची मर्यादा आधी 25.05 होती, कस्टमरने ती 25.03 केली. हा बदल जूनमध्ये एका सकाळी सात वाजता उभ्या-उभ्या तोंडी सांगितला गेला. नवीन ड्रॉइंग त्याच्या टेबलावर आलं चौथ्या दिवशी. त्याच्याकडचा प्लग गेज जुनाच, म्हणजे बोअरमध्ये जायला नको ते नो-गो टोक 25.05 चं, त्यामुळे 25.04 चा पीस त्या गेजवर व्यवस्थित पास होणार, कोणीही तपासला तरी. असे पीस असलेला 300 नगांचा लॉट गेला आणि परत आला. दुसऱ्या शिफ्टच्या मुलाच्या हातून गेला नाही कारण त्याने मीटिंगमध्ये ऐकलं होतं आणि तो गेज बाजूला ठेवून डायल बोअर गेजने मोजत होता.

सुपरवायझर म्हणाले, पण मी त्याला त्या दिवशी खुणेने विचारलं होतं ना, समजलं का, त्याने मान हलवली होती. आता हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. मान हलवणं म्हणजे समजलं असं नाही धरायचं. चारचौघांत पुन्हापुन्हा "काय, काय" विचारायची लाज वाटते, समोरचा घाईत असतो, माणूस मान हलवून मोकळा होतो, आणि ऐकू येणारी माणसं पण करतातच की असं. समजलं का ते बघायचं असेल तर त्याला पीस मोजून दाखवायला सांगायचं किंवा नवीन मर्यादा कागदावर लिहायला सांगायची, दहा सेकंदांचं काम आहे.

तरी एवढ्यावरून त्याची चूक नव्हती असं मी लगेच म्हटलं नाही, कारण तोही अंदाजच झाला असता. मी विचारलं की त्यानंतर माहिती नीट मिळाली तेव्हा त्याने काय केलं? तर लॉट परत आल्यावर कस्टमरने उपाययोजना मागितली होती, म्हणून जुलैपासून प्रत्येक बदलाची लेखी चिठ्ठी टेबलावर आणि जुना गेज त्याच दिवशी जमा, असा नियम सगळ्यांसाठीच झाला होता. त्यानंतर जानेवारीपर्यंत दोन ड्रॉइंग बदलली. आम्ही दोन्ही वेळचे इन्स्पेक्शन रिपोर्ट काढले, दोन्ही वेळा त्याने पहिल्या पीसपासून नवीन मर्यादेने तपासलं होतं आणि जुलैनंतर त्याच्या शिक्क्याचा एकही पीस कस्टमरकडून परत आला नव्हता. माझ्यासाठी हा पुरावा पक्का होता. आधीचं काम सोय नसतानाचं, नंतरचं सोय असतानाचं, माणूस तोच, तेव्हा मार्क द्यायचे ते नंतरच्या काळावरून, आणि जूनचा लॉट फॉर्ममध्ये लिहायचा तो कारणासकट.

मग आम्ही त्याच्याशी बोललो. दुभाषा बाहेरचा घेतला, व्हिडिओ कॉलवर. शॉपवरचा एक मित्र होता ज्याला थोड्या खुणा येतात, सुपरवायझर म्हणाले त्यालाच बसवू, मी नाही म्हटलं. पगाराची, चुकांची गोष्ट मित्रासमोर का करायची, आणि मित्र प्रेमापोटी अर्धं गाळतो. बोलताना आपण बघायचं त्या मुलाकडे, दुभाष्याकडे नाही, आणि एका वेळी एकानेच बोलायचं. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या कामाबद्दल कोणी त्याच्याशी एवढा वेळ बोलत होतं. त्याने पहिल्यांदा काय विचारलं माहितीये, की मला मोजमापाच्या नवीन सीएमएम मशीनचं ट्रेनिंग का नाही दिलं, माझ्या मागून आलेल्या दोघांना दिलं. सुपरवायझरचं उत्तर होतं की ट्रेनर सगळं बोलूनच शिकवतो, शिवाय असे लोक एकाग्र असतात, नजरेने तपासायच्या कामाला बरे पडतात. हे ते कौतुकाने म्हणत होते, पण या कौतुकानेच त्याला एका खुर्चीवर चार वर्षं बसवून ठेवलं होतं, आणि वर फॉर्ममध्ये पुढाकार 6.

पुढाकाराचं आम्ही वेगळं शोधलं. टेबलावर पास, शंका, रिजेक्ट असे तीन कप्पे रंगवलेला लाकडी ट्रे आहे, पीस मिसळू नयेत म्हणून, आणि आता तिन्ही शिफ्ट तोच वापरतात. तो त्याने बनवलाय हे सुपरवायझरना त्या दिवशी कळलं.

आता दुसरी बाजू, ती पण तितकीच नीट बघितली. त्याच्या रिपोर्टमधला रिमार्कचा रकाना बहुतेक वेळा कोरा असायचा किंवा वाक्य असं तुटक की ऑपरेटरला अर्थ लागायचा नाही. ही तक्रार खरी होती. कारण असं, की त्याची पहिली भाषा खुणांची, तिचं व्याकरण वेगळं, लिहायची मराठी ही त्याच्यासाठी दुसरी भाषा, त्यामुळे तुटक वाक्यावरून अक्कल किंवा निष्काळजीपणा ठरवता येत नाही. पण ऑपरेटरला कळणं तर गरजेचं आहेच, तिथे सूट देता येणार नाही. म्हणून आम्ही वाट बदलली. बर, डेंट, साइज जास्त, चॅटर मार्क अशा नेहमीच्या दोषांचे फोटो आणि नंबर असं एक कार्ड करून टेबलावर लावलं, रिमार्कमध्ये फक्त नंबर आणि मोजमाप लिहायचं. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत सहा आठवडे बघितलं. लिहिलेलं आता सगळ्यांना कळत होतं, पण चारातल्या एका रिपोर्टवर रकाना तरीही कोराच होता. सोय मिळूनही राहिलेली ही त्रुटी त्याची स्वतःची, आणि ती फॉर्ममध्ये लिहिली गेली. दुभाष्यासोबत त्याला ते कोरे कागद दाखवले तेव्हा तो चिडला, रिमार्क रिकामा ठेवायचा नाही हे मला कोणी आधी का नाही सांगितलं म्हणून. चिडणं बरोबर होतं, पण सहा आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं हेही त्याने मान्य केलं.

बाकीच्या पोरांचं म्हणाल तर त्यांना त्याच्या कानांबद्दल काहीच समजावू नका, ती त्याची खासगी बाब आहे. त्या सुपरवायझरनी फक्त चार अपेक्षा बोर्डावर लावल्या, सगळ्या इन्स्पेक्टरना त्याच, आणि लेखी चिठ्ठी सगळ्यांनाच मिळते हे सांगितलं. सूट कशात दिली असं कोणी विचारलं तर दाखवायला काही नव्हतंच, कारण पीस सगळ्यांना 25.03 नेच तपासायचा होता.

एचआरने एकदा म्हटलं की हे सगळं तुम्ही चांगुलपणाने करताय. तसं नाहीये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात रिझनेबल अकोमोडेशनची व्याख्याच आहे, की त्या माणसाला बरोबरीने काम करता यावं म्हणून गरजेचे बदल करायचे, मात्र अवाजवी बोजा पडेल असे नाहीत, आणि प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण जाहीर करायचंय, त्यात खासगी कंपन्याही आल्या. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर दिव्यांगांना काय सोयी देणार, ट्रेनिंगला कसं निवडणार हे त्या धोरणात लिहावं लागतं. तुमच्या एचआरकडे तो कागद मागा, सीएमएमसारखा ट्रेनिंगचा प्रश्न त्याच कागदावरून पुढे नेता येतो.

मार्चमध्ये पेनाने भरलेला फॉर्म असा होता. क्वालिटी 17, वेग 16, हजेरी 18, कम्युनिकेशन 12, पुढाकार 15, एकूण 78. म्हणजे दयेच्या 80 पेक्षा कमीच. कम्युनिकेशनच्या पुढे लिहिलं होतं, "दोष आढळल्यास टॅग व फोटोने लगेच कळवतो. कोड कार्ड दिल्यानंतरही चारपैकी एका रिपोर्टवर रिमार्क नाही, पुढच्या तिमाहीत एकही कोरा नको." क्वालिटीच्या पुढे, "जूनचा लॉट: बदल तोंडी सांगितला गेला, गेज जुना होता. लेखी सूचना सुरू झाल्यापासून परत आलेला पीस नाही." आणि खाली कंपनीने करायच्या गोष्टींत, सीएमएम ट्रेनिंग, दुभाष्यासह, आणि ट्रेनरकडून पायऱ्या आधी लेखी घेणे. त्याने सही करण्याआधी ती शेवटची ओळ दोनदा वाचली आणि तारीख कुठे आहे असं विचारलं, मग सुपरवायझरनी तिथेच तारीख टाकली.