बदलीच्या गावी जाताना शाळा सोडल्याचा दाखला: आधी काय, नंतर काय

प्रश्न: माझी बदली नाशिकहून बंगळूरला झाली आहे. मुलगी इथे मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत सातवीत आहे. तिकडची सीबीएसई शाळा टीसी मागते आणि इथली शाळा एलसी देऊ म्हणते. दोन्ही वेगवेगळे मागायचे का? आणि दाखला आधी काढायचा की प्रवेश आधी घ्यायचा?

दोन दाखले मागू नका. राज्य मंडळाच्या शाळा ज्याला ‘शाळा सोडल्याचा दाखला’ किंवा एलसी म्हणतात, त्याच कागदाला सीबीएसई शाळांत टीसी म्हणण्याची पद्धत आहे. मुलगी अमुक शाळेच्या पटावर होती आणि अमुक तारखेला तिचे नाव कमी झाले, एवढेच दोन्हींचे काम. तिकडच्या कार्यालयाने नावावरून अडवलेच, तर ‘महाराष्ट्रात टीसीऐवजी एलसीच दिला जातो’ एवढे एक वाक्य शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीने लिहून घ्या, म्हणजे प्रश्न मिटतो. क्रमाविषयी मात्र माझे मत ठाम आहे. आधी तिकडची जागा नक्की करा आणि मगच दाखल्याला हात लावा.

मी एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात 26 वर्षे लिपिक होतो आणि दाखल्यांचे टेबल बहुतेक काळ माझ्याकडेच होते, म्हणून या क्रमामागचे कारण थोडे सविस्तर सांगतो. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. मूल प्रवेश घेते त्या दिवशी त्यात एक आडवी ओळ उघडते आणि तिला क्रमांक मिळतो, ज्याला आम्ही जीआर नंबर म्हणतो. त्या ओळीच्या डाव्या बाजूला नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा आणि प्रवेशाची तारीख असते. उजव्या बाजूचे रकाने मूल शाळेत असेपर्यंत कोरे राहतात. दाखला देताना शाळा सोडल्याची तारीख, इयत्ता, कारण आणि शेरा यांनी ते भरले जातात, आणि ती ओळ बंद होते. दाखला म्हणजे या ओळीची सही-शिक्क्याची नक्कल असते. ओळ उघडी असताना तिच्यातली चूक दुरुस्त करणे जितके सोपे असते, तितके ती बंद झाल्यावर राहत नाही. त्यामुळे प्रवेश पक्का नसताना, केवळ हाताशी असावा म्हणून दाखला काढून ठेवणारे पालक दोन्हीकडून अडकतात: इथल्या पटावर नाव नाही, तिथल्या पटावर अजून चढलेले नाही.

तुमच्या बाबतीत वेळेचाही पेच आहे. सीबीएसई शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तर आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळांत वार्षिक निकाल साधारण 1 मेच्या सुमारास लागतो. एप्रिलमध्येच दाखला काढलात, तर त्यावर ‘इयत्ता सातवीत शिकत होती’ एवढेच लिहिता येईल, आणि ते वाचून नवी शाळा तिला पुन्हा सातवीत बसवू शकते. निकालानंतरच्या दाखल्यावर ‘सातवी उत्तीर्ण, आठवीच्या वर्गास पात्र’ असे येते. या मधल्या महिन्याभरासाठी इथल्या शाळेकडून बोनाफाईड घ्या, सहावीचे प्रगतिपत्रक आणि सातवीच्या प्रथम सत्राचे गुण जोडा, आणि ‘मूळ दाखला अमुक तारखेपर्यंत सादर करीन’ असे हमीपत्र देऊन तात्पुरता प्रवेश मागा. बदलीचे पत्र सोबत असेल तर बहुतेक शाळा त्याला तयार होतात. त्याच वेळी त्यांच्याकडून, या मुलीला आठवीत प्रवेश देत आहोत, दाखला द्यावा, अशा अर्थाचे पत्र मागून घ्या. आपल्याकडे त्याला मागणीपत्र म्हणतात आणि ते हाती असले की इथल्या कार्यालयात काम लवकर होते.

आता ज्या कामासाठी मी प्रत्येक पालकाला आग्रह करीत असे, ते सांगतो. दाखल्यासाठी अर्ज करण्याच्या आधी, मुलगी पटावर असतानाच, जनरल रजिस्टरमधली तिची ओळ डोळ्यांनी पाहा किंवा निर्गम उतारा, म्हणजे त्या ओळीची शाळेने दिलेली नक्कल, मागा. सोबत तिचा जन्म दाखला आणि आधार कार्ड ठेवा आणि एकेक रकाना जुळवा. आमच्या शाळेतून हैदराबादला गेलेल्या एका मुलीचा दाखला मला अजून आठवतो. तिची जन्मतारीख अंकात 12/08/2013 अशी बरोबर होती. अक्षरी लिहिताना मात्र दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊन ‘आठ डिसेंबर’ असे उतरले होते. सही करताना कोणाच्याही नजरेस ते आले नाही, कारण घाईत सगळे अंकच पाहतात. नव्या शाळेने दाखला परत पाठवला आणि वडिलांना केवळ त्यासाठी रजा काढून यावे लागले. रजिस्टरमधली नोंद बरोबर होती, म्हणून तो दाखला रद्द करून दुसरा देणे आमच्या हातात होते आणि ते एका दिवसात झाले. चूक मूळ रजिस्टरमध्येच असती, तर शाळेला आपल्या अधिकारात ती खोडता आली नसती. त्यासाठी जन्म दाखल्यासह प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, त्यांची मंजुरी यावी लागते आणि त्यात कित्येक आठवडे जातात. दाखल्यावर स्वतः पेन चालवण्याचा विचारही मनात आणू नका. दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याखेरीज कोणी त्यात बदल केल्यास कारवाई होईल, अशी सूचना दाखल्यावरच छापलेली असते.

तुमची शाळा मराठी माध्यमाची आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. मराठीत लिहिलेला दाखला बंगळूरच्या कार्यालयात वाचता येणार नाही, तेव्हा अर्जातच ‘परराज्यात प्रवेशासाठी इंग्रजीत दाखला मिळावा’ असे लिहा. रजिस्टरमधले नाव देवनागरीत असते आणि इंग्रजी स्पेलिंग लिपिक आपल्या अंदाजाने करतो. जन्म दाखल्यावरचे आणि आधारवरचे स्पेलिंग एकाच कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून अर्जाला जोडा. त्या दोहोंतच एखाद्या अक्षराचा फरक असेल, तर आधी आधार दुरुस्त करून घ्या.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे साधा असावा. मुलीचे पूर्ण नाव, जीआर नंबर, इयत्ता व तुकडी, आणि कारण म्हणून ‘पालकांची नाशिकहून बंगळूर येथे बदली’ असे स्पष्ट लिहा. ‘पालकांच्या विनंतीवरून’ हे गुळगुळीत कारण लिहिण्याची कार्यालयांना सवय असते, पण मुलगी नववी-दहावीपर्यंत पुढे गेल्यावर पुन्हा बदली झाली तर सीबीएसई शाळा बदलीचा पुरावा मागतात, आणि तेव्हा दाखल्यावरच कारण असले की बरे पडते. अर्जाला बदलीच्या आदेशाची प्रत आणि मागणीपत्र जोडा. ग्रंथालयाची पुस्तके परत करा, काही शुल्क बाकी असेल तर भरून पावती ठेवा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घालून घ्या. ही आवक क्रमांकाची सवय फार कामाची आहे, कारण पुढे उशीर झाला तर तोच तुमचा पुरावा असतो.

मुलगी सातवीत असल्याने शिक्षण हक्क कायदा, 2009 तिला लागू आहे. त्याच्या कलम 5 नुसार कोणत्याही कारणाने, राज्यात किंवा राज्याबाहेर, शाळा बदलून शासकीय किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क मुलाला आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि टाळाटाळ केल्यास त्यांच्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवू नये, असेही तिथेच म्हटले आहे. तुमची नवी शाळा खाजगी विनाअनुदानित असेल, तर मात्र हे कलम तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ती मूळ दाखल्याचा आग्रह धरू शकते, म्हणूनच वर हमीपत्राचा मार्ग सांगितला. इथली शाळा विनाकारण रखडवू लागली, तर आवक क्रमांक असलेली प्रत जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. तोंडी वाद घालून माझ्या पाहण्यात कोणाचे काम लवकर झालेले नाही.

दाखला मिळाला की लगेच गाडीत बसू नका. परराज्यातल्या अनेक शाळा दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. ती मागतात का, हे तिकडच्या शाळेला आधीच ई-मेलने विचारून ठेवा. लागत असेल, तर तुमच्या शाळेचे काम जिल्हा परिषदेच्या प्राथमिक विभागाकडे जाते, माध्यमिक विभागाकडे जाते की महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे, हे शाळेचा लिपिक सांगू शकेल. (बृहन्मुंबईत माध्यमिक शाळांसाठी हे काम शिक्षण निरीक्षकांकडे असते.) मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का यांचा नमुना त्या कार्यालयात असतो आणि त्याच्याशी पडताळूनच प्रतिस्वाक्षरी होते. साहेब दौऱ्यावर असले की दोन-तीन दिवस जातात, तेवढे हिशेबात धरा.

मूळ दाखला नवी शाळा कायमचा ठेवून घेते. त्याआधी रंगीत स्कॅन करा आणि तीन-चार प्रती मुख्याध्यापकांकडून ‘खरी नक्कल’ म्हणून साक्षांकित करून घ्या. निर्गम उताराही सोबत ठेवा. आपल्याकडच्या दाखल्यावर जात आणि पोटजात असते, पण परराज्यातल्या शाळेच्या टीसीवर ती तशी उतरेलच असे नाही, आणि उद्या जातीचा दाखला वा जात पडताळणीची गरज पडली तर महाराष्ट्रातल्या शाळेची हीच नोंद पुढे करावी लागते. मूळ दाखला हरवला, तर प्रतिज्ञापत्र करून दुय्यम प्रत काढावी लागते, आणि ते दुसऱ्या राज्यातून करणे त्रासाचे आहे.

शेवटचे काम संगणकावरचे आहे आणि तेच सर्वांत जास्त विसरले जाते. यूडायस प्लस या देशभरातल्या शाळांची आणि विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीत मुलीला स्वतःचा कायमचा विद्यार्थी क्रमांक, म्हणजे पेन क्रमांक असतो. दाखला दिल्यावर इथल्या शाळेने तिथेही ती शाळा सोडून गेल्याची नोंद करायची असते. त्यानंतर तिचे नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत जाते आणि बंगळूरची शाळा पेन क्रमांक व जन्मतारीख टाकून तिला आपल्याकडे ओढून घेते. हातात सही-शिक्क्याचा दाखला आहे पण प्रणालीत मुलगी अजून नाशिकच्याच पटावर, असे झाले की नव्या शाळेचे फोन तुम्हाला येऊ लागतात. दाखला घेताना पेन क्रमांक लिहून घ्या, आणि नाव ड्रॉपबॉक्समध्ये गेल्याचे लिपिकाने पडद्यावर दाखवल्यावरच कार्यालयातून उठा.