गुळगुळीत फरशीवर पडणारी काठी: सुरुवात कुठून करायची

निपाणीतून पीयूसीची तयारी करतोयस म्हटलास, म्हणून आधी एकच सांगतो: काठीचं खालचं टोक बिजागरीसारखं धरू नकोस. नव्या मुलांची निम्मी गणितं तिथंच फसतात.

घर्षण नसेल तर काठीवर दोनच बलं असतात, वजन आणि फरशीची प्रतिक्रिया. दोन्ही उभी. आडवं ढकलणारं कुणीच नाही, म्हणून वस्तुमानकेंद्र सरळ खाली येतं आणि बूड मागं सरकतं. कॅरम बोर्डावर बोरिक पावडर पसरून १८ सेंमीची पेन्सिल उभी सोड. बूड साधारण ९ सेंमी मागं जायला पाहिजे. कमी गेलं, तर उरलेल्या घर्षणानं केंद्राला पडायच्या बाजूला ढकललंय.

आता १ मीटरची काठी घे. केंद्र अर्धा मीटर खाली येतं, पण ती सगळी ऊर्जा खाली पडण्यात घालू नकोस. फिरण्याचा वाटा विसरलास, तर केंद्राचा वेग ३.१ मी/से येईल. खरा वेग २.७, कारण:

mgL/2 = ½mv² + ½(mL²/12)ω²

आडवी होताना v = ωL/2, म्हणून ω² = 3g/L. बिजागरीवरच्या काठीलाही शेवटी हाच ω मिळतो, त्यामुळं चुकीची रीतही बरोबर वाटते. मधल्या कोनात मात्र दोन्ही उत्तरं वेगळी येतात. म्हणून ४५ अंशाला ताडून बघ.

आणखी एक, प्रतिक्रिया mg धरू नकोस. आडवी होताना ती mg/4 असते. ते कसं, हे टॉर्क शिकल्यावर काढ, आता नको.