अर्ध्या पगाराच्या लेटरवर लगेच सही करू नका

प्रश्न: मॅडम, मी जुळे सोलापूरला राहते, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्सपोर्टच्या युनिटमध्ये अकाउंट्सला आहे, आठ वर्षं झाली. पगार 38,000, त्यात बेसिक 19,000. मॅटर्निटी लीव्ह संपून 20 एप्रिलला जॉइन व्हायचंय, बाळ तेव्हा पाच महिन्यांचं असेल. एचआर म्हणतात एकतर फुल टाइम या, नाहीतर साडेनऊ ते दीड हाफ डे करा, 19,000 पगाराचं नवीन लेटर देतो, वर्षभरानं बघू. सासूबाई घरी आहेत पण गुडघ्यामुळं दिवसभर बाळाचं होत नाही त्यांच्याच्यानं. मिस्टरांचे हातात 32,000 येतात, घराचा हप्ता 14,500. माझ्या 34 ईएल शिल्लक आहेत. हाफ डे घेऊ का?

उत्तर: आत्ता तरी नको. आणि माझा विरोध हाफ डेला नाहीये, त्या "नवीन लेटर"ला आहे, ते का ते सांगते.

आधी घरातलं गणित. तुमच्या 38,000 मधून पीएफ 2,280 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की हातात 35,520 येतात. 19,000 वर पीएफ 1,140 कापला जाईल, प्रोफेशनल टॅक्स लागणार नाही कारण महाराष्ट्रात बायकांना 25,000 पगारापर्यंत तो माफ आहे, म्हणजे हातात साधारण 17,860 (ईएसआय लागू झाला तर शे-दीडशे अजून कमी). इथपर्यंत निम्मे वाटतात, पण खर्च कुठं निम्मा होतोय? तुम्ही पाठवलेल्या हिशोबात दिवसभराची बाई 8,000 मागते आणि अर्ध्या दिवसाची 5,000, कारण तिलाही यायचं-जायचं असतंच. गाडीचं पेट्रोल तेवढंच, 2,000. हप्ता, किराणा-लाईटबिलाचे 20,000, सासूबाईंची औषधं साडेतीन हजार आणि 5,000 ची एसआयपी धरली, तर फुल टाइममध्ये महिन्याला साडेचौदा हजार उरतात आणि हाफ डेमध्ये काहीच उरत नाही, उलट शंभर-दीडशे कमी पडतात. वर्षाला पावणेदोन लाखांचा फरक आहे हा. आणि दीड वाजता सुटून एप्रिल-मेच्या उन्हात अक्कलकोट रोडवरून जुळे सोलापूर गाठायचं, अंगावर पाजणाऱ्या बाईनं, हे कोणी ठरवलं मला कळत नाही.

आता ते लेटर. पगार कमी करायचे दोन प्रकार असतात आणि हातात येणारी रक्कम सारखी दिसली तरी दोन्हींचा परिणाम एकदम वेगळा होतो. एकात तुमचा पगार 38,000 च राहतो आणि न आलेल्या दिवसांची बिनपगारी लागते. दुसऱ्यात पगारच बदलतो, बेसिक 19,000 चं 9,500 होतं, आणि मग त्याच्यावर चालणारं सगळंच बदलतं.

ग्रॅच्युइटी घ्या. ती शेवटच्या बेसिक-डीएवर निघते, भागिले 26 गुणिले 15 गुणिले झालेली वर्षं. आज तुमची आठ वर्षांची ग्रॅच्युइटी 87,692 होते. नवीन लेटरवर सही केली आणि समजा वर्षानं मिस्टरांची बदली झाली किंवा जमलंच नाही म्हणून नोकरी सोडली, तर नऊ वर्षांचे मिळतील 49,327. म्हणजे ज्या आठ वर्षांत तुम्ही पूर्ण वेळ काम केलं त्यांचेही पैसे अर्ध्या बेसिकनं मोजले जाणार. जुन्या बेसिकवर हेच 98,654 झाले असते. बिनपगारीत मूळ बेसिक 19,000 च राहतं म्हणून हा खड्डा पडत नाही.

तसंच दुसऱ्या बाळाचं. विचार असेल-नसेल, मला सांगायची गरज नाही, पण मॅटर्निटीचे पैसे रजेवर जायच्या आधीच्या तीन महिन्यांत ज्या दिवशी काम केलं त्या दिवसांच्या सरासरी पगारावर मिळतात. रोजचा दर पूर्ण असेल तर बिनपगारीनं ती सरासरी पडत नाही, नवीन लेटरनं मात्र सरळ निम्मी होते, आणि तेही 26 आठवड्यांसाठी.

कायद्यात काय आहे आणि काय नाही ते पण नीट समजून घ्या म्हणजे बोलताना गडबड होणार नाही. बाळंतपणानंतर कमी तास मिळायचा हक्क आपल्याकडं नाहीये. घरून काम करायची तरतूद मॅटर्निटी कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीत आली पण ती दोघांच्या संमतीवर आहे, आणि कामाचं स्वरूप तसं असेल तरच. दोन गोष्टी मात्र हक्काच्या आहेत. एक, बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन फीडिंग ब्रेक, जेवणाच्या सुट्टीशिवाय वेगळे. दुसरी, तुम्ही रजेवर असताना तुमच्या सेवाशर्ती तुमचं नुकसान होईल अशा बदलता येत नाहीत. म्हणून तर लेटर "विनंतीवरून" असं लिहून येईल बघा, आणि तुमची सही झाली की तो बदल तुम्हीच मागितला असं होतं. 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय पण लागते, तुमच्या युनिटमध्ये शिलाईला किती बायका आहेत ते तुम्हाला माहितीच आहे. 1961 चा हा मॅटर्निटी कायदा नोव्हेंबर 2025 पासून सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेला, पण ह्या गोष्टी तशाच आहेत. पाळणाघराचा विषय पहिल्याच दिवशी काढून शेठना चिडवू नका, ते मागं ठेवा.

मग मागायचं काय? माझ्या मते पहिले 12 आठवडे पगाराला हात न लावता ईएलवर काढा. 20 एप्रिलपासून चार आठवडे आठवड्याला चारच दिवस, बुधवार आणि शनिवार सुट्टी, त्याला 8 ईएल लागतील. पुढचे आठ आठवडे फक्त बुधवार सुट्टी, अजून 8. एकूण 16 ईएल जातात आणि 18 हातात राहतात. त्या 18 ला हात लावू नका कारण बाळ बाहेरच्या हवेला लागलं, बाईच्या हातात गेलं, की पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्दी-ताप-जुलाब ठरलेले असतात आणि बाईही सांगून दांडी मारत नाही.

बुधवारच का, तर सँडविच. बऱ्याच ठिकाणी शनिवारी रजा घेतली आणि सोमवारी बाळ आजारी पडलं म्हणून नाही गेलात तर मधला रविवारही रजेत धरतात. तुमच्याकडं तसा नियम असेल तर पहिल्या चार आठवड्यांपुरता तो लावू नका असं लेखी मागा, नाहीतर शनिवारऐवजी गुरुवार घ्या.

दोन फीडिंग ब्रेक आहेत ते एकत्र करून संध्याकाळी लवकर निघायला मागा. कायदा दिवसातले दोन ब्रेक म्हणतो, ते जोडून शेवटी देणं ही त्यांची मर्जी, पण जुळे सोलापूरहून बाळाला दुपारी कोण घेऊन येणार, हे त्यांनाही पटतं आणि कामही मधेच तुटत नाही. हे बाळाला 15 महिने होईपर्यंत, म्हणजे पुढच्या फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालेल, आणि ह्याचे पैसे कापायचे नसतात. पगारपत्रकात "शॉर्ट अवर्स" म्हणून कपात दिसली तर त्याच महिन्यात विचारा, तीन महिन्यांनी विचारलं तर कोणी दाद देत नाही.

ह्या सगळ्याची किंमत किती? तुमच्याकडं ईएल बेसिकवर एनकॅश होत असतील तर दिवसाला 19,000 भागिले 26, म्हणजे 731 रुपये, 16 दिवसांचे 11,700 च्या आसपास. हाफ डेचं एका महिन्याचं नुकसानच साडेचौदा हजार आहे, इथं तीन महिने निघतात.

शेठना नकार द्यायला कारण लागतं आणि अकाउंट्समध्ये ते कारण तारखांचं असतं. टीडीएस भरायची 7, जीएसटीआर-1 ची 11, 3बी ची 20. त्यांना भीती एवढीच असते की बाई नेमकी त्या दिवशी नसणार. म्हणून ते त्यांनी बोलायच्या आधी तुम्हीच बोला. "सात, अकरा आणि वीसच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी मी पूर्ण वेळ असेन, बुधवार त्यात आला तर त्या आठवड्यात शुक्रवारी सुट्टी घेईन" हे वाक्य तुमच्या अर्जात असलं की निम्मं काम झालं. माझ्याकडं येणारे युनिटवाले सांगतात ना, की कमी तासांचं काही नाही ओ, रिटर्न लेट झालं की लेट फी आणि बायरच्या मेलला उत्तर कोण देणार ह्याचीच धास्ती असते.

बोलणं तोंडी झालं तरी त्याच दिवशी मेल टाका, चार ओळींचा. असं काहीतरी: "आज बोलल्याप्रमाणे 20 एप्रिल ते 11 जुलै ह्या काळात सोबतच्या तक्त्यातल्या दिवशी माझी ईएल मंजूर आहे. 13 जुलैपासून मी आठवड्याचे सहाही दिवस येईन. पगार, हुद्दा आणि वार्षिक इन्क्रिमेंट यात बदल नाही. फीडिंग ब्रेक एकत्र करून संध्याकाळी लवकर निघेन, मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत." शेवटची तारीख टाकल्याशिवाय पाठवू नका. "वर्षभरानं बघू" ह्यात पगार परत कधी वाढणार ते कुठंच नाहीये, आणि वर्षानं तुम्ही पूर्ण पगार मागायला गेलात की ते त्याला पगारवाढ म्हणणार. इन्क्रिमेंटचा उल्लेखही ह्यासाठीच, नाहीतर 19,000 वर दहा टक्के देऊन मोकळे होतील.

जुलैनंतरही जमत नसेल, म्हणजे बाई टिकली नाही किंवा सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तर बुधवारची बिनपगारी मागा, लेखी मंजूर करून, दोन-तीन महिन्यांसाठी. दिवसाला 38,000 भागिले 26 म्हणजे 1,462 कापले तर महिन्याला साधारण 6,300 जातात. पीएफही थोडा कमी कापला जाईल म्हणून हातातला फरक त्याहून जरा कमीच. उरणाऱ्या साडेचौदा हजारांत हे बसतंय, एसआयपी बंद करायची गरज नाही. बिनपगारी मंजुरीशिवाय मात्र घेऊ नका, विनापरवाना गैरहजेरी म्हणून नोंद झाली की पुढं सलग सेवेवरून वाद घालायला जागा मिळते.

आणि शेठनी काहीच ऐकलं नाही, हाफ डे नाहीतर फुल टाइम एवढंच म्हणाले, तर हाफ डे घ्या पण आठ आठवड्यांसाठी, आणि नवीन पगाराचं लेटर न घेता रोज अर्ध्या दिवसाची बिनपगारी म्हणून. तुम्हाला दोन महिन्यांचे तीसएक हजार जातील, ते आत्ताच मॅटर्निटीच्या पगारातून बाजूला काढून ठेवा. त्यांच्या हिशोबात तेवढाच पगार वाचतो, त्यामुळं ह्याला ते नाही म्हणाले तर त्यांना नेमकं काय हवंय ते तुम्हाला कळेल, आणि मग लेटरवर सही करायच्या आधी कामगार कायद्याच्या वकिलाला ते एकदा वाचायला द्या.