शापाचा शेवटचा विधी

“ताई, मुलीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पडलं. महाराज म्हणतात, माहेरच्या कुळाला शाप आहे, तो लेकीच्या कुशीत उतरलाय. आतापर्यंत सत्याहत्तर हजारांवर गेले. आता शेवटचा विधी म्हणून दीड लाख मागतायत, येत्या अमावास्येच्या आत. खोटं असेल असं मलाही वाटतं. पण नाही केलं आणि परत काही झालं तर?”

हा प्रश्न थोड्याफार फरकाने सतत कानावर येतो. कधी मुलाचं लग्न जुळत नसतं, कधी धंदा बसलेला असतो, कधी घरात लागोपाठ आजारपणं आलेली असतात. शेवटचं वाक्य मात्र प्रत्येकाचं तेच असतं, आणि उत्तराची सुरुवात तिथूनच करावी लागते. विचारणारीला महाराजांवर शंका आलेली असते. ती अडकलेली असते ‘तर’वर. इथे सांगते ती गोष्ट अशाच एका काकूंची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

काकूंना आधी मी पैशांचा हिशेब लिहायला लावला, तारखेसह. पहिल्या भेटीत 501 रुपये दक्षिणा. पंधरा दिवसांनी शांतीसाठी 5,100. मग पूर्वजाने नाग मारला होता असं निघालं, त्याचे 21,000. त्यानंतर घराला ‘बंधन’ घालायचे 51,000, त्यासाठी काकूंनी दोन पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या. एकूण 77,601. आता मागणी होती 1,51,000 ची. रकमा एकाखाली एक आल्यावर त्या म्हणाल्या, “पहिल्याच दिवशी दीड लाख मागितले असते तर मी उठून आले असते.” रक्कम पायरीपायरीने चढते ती याचसाठी. आधी गेलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे देतो. आणि प्रत्येक पायरीवर दोन अटी असतात. कुणाला सांगायचं नाही, सांगितलं तर विधी उलटतो. आणि अर्धवट सोडायचा नाही, सोडला तर दुप्पट त्रास होतो. पहिल्या अटीमुळे घरात शहाणपणाचा शब्द सांगणारं कुणी उरत नाही, दुसरीमुळे बाहेर पडायची वाट बंद होते.

“पण त्यांनी न सांगता ओळखलं हो,” काकू म्हणाल्या. “आमच्या चुलत आजेसासऱ्यांना मूलबाळ नव्हतं, एक पोर लहानपणीच गेलं होतं, बांधावरून भाऊबंदकी होती.”

मी त्यांना तीन पिढ्यांची माणसं लिहायला सांगितली, दोन्ही बाजूंची, भावंडांसकट. पान भरून मागच्या बाजूला गेलं. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात साधारण सातात एक मूल वर्षाचं व्हायच्या आत दगावत असे. एवढ्या माणसांत लहानपणी गेलेलं पोर, निपुत्रिक गेलेला कुणीतरी आणि जमिनीचा वाद सापडणार नाही असं शेतकरी कुटुंब शोधावं लागेल. मग मी विचारलं, पहिल्या भेटीच्या आधी तिथे किती वेळ बसला होतात? तासभर. शेजारी कोण होतं? एक बाई, चौकशी करत होत्या, त्यांच्याही सुनेचं असंच होतं म्हणे. काकू बोलता बोलता थांबल्या. त्या बाई पुढच्या प्रत्येक वेळी तिथेच बसलेल्या असायच्या.

राहिलं लिंबू. महाराजांनी सुरीने लिंबू कापलं आणि आतून रक्त आलं होतं. प्रयोगशाळेत मिथिल ऑरेंज नावाचं रंगद्रव्य असतं. त्याचं द्रावण पात्याला लावून वाळवलं तर चटकन डोळ्यांत भरत नाही, पण आम्ल लागताच ते लालभडक होतं आणि लिंबाचा रस चांगलाच आम्ल असतो. मी ते समोर करून दाखवलं. दुसरं लिंबू घरच्या स्वच्छ सुरीने त्यांनाच कापायला दिलं, तर रस नेहमीसारखाच निघाला. काकू बराच वेळ दोन्ही फोडी पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे महाराज लबाड आहेत. पण शाप खरा असेल तर?”

भोंदूपणा उघडा पाडला की माणूस सुटतो, असं घरातल्यांना वाटतं. म्हणून मुलगा आईची टिंगल करतो, नवरा ओरडतो. काकूंचा मुलगाही “अडाणीपणा” म्हणाला होता, आणि त्यानंतरच त्या पाटल्या घेऊन गुपचूप पतसंस्थेत गेल्या होत्या. हातचलाखी कळते ती बुद्धीला. भीती वेगळ्या जागी बसलेली असते, आणि ती जागा शोधल्याखेरीज सगळे पुरावे फुकट जातात.

मी एक कोरा कागद घेऊन त्यावर चार खण आखले. विधी केला आणि बाळ राहिलं. विधी केला आणि बाळ गेलं. विधी नाही केला आणि बाळ राहिलं. विधी नाही केला आणि बाळ गेलं. म्हटलं, प्रत्येक खणात महाराज काय म्हणतील ते तुम्हीच लिहा, त्यांना माझ्यापेक्षा तुम्ही जास्त ओळखता.

पहिल्या खणात त्यांनी लगेच लिहिलं, ‘विधीला फळ आलं.’ दुसऱ्यात, ‘तुम्ही मनात शंका आणली, म्हणून खंड पडला, पुन्हा करावं लागेल.’ चौथा खण त्यांनी तिसऱ्याच्या आधी भरला, ‘सांगितलं होतं, ऐकलं नाही.’ तिसऱ्यापाशी पेन अडलं. विधी न करता बाळ सुखरूप झालं, तर महाराज चुकलेच ना? काकूंनी विचार केला आणि हळूहळू लिहिलं, ‘आधीच्या विधींची पुण्याई. पण शाप आता मुलाच्या संसारावर जाईल.’

कागद त्यांनी उलट फिरवून माझ्याकडे केला. “चारही खणांत तेच बरोबर आहेत,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, “आणि दोन खणांत चूक माझी आहे. बाळ गेलं की दोन्ही वेळा मीच.”

मला हव्या असलेल्या जागी त्या स्वतःच्या पायांनी पोचल्या होत्या. कसली भीती वाटते, असं मी आता विचारलं. शाप हा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही. “उद्या लेक म्हणेल, आई, तुझ्याकडे उपाय होता आणि तू पैशासाठी नाही केलास.” मागितलेले दीड लाख या वाक्यापासून वाचण्यासाठी होते. माझी ठाम धारणा आहे की घटना माणसाला इतकी घाबरवत नाही, घटनेला आपण मनाशी जो अर्थ लावतो तो घाबरवतो. इथे अर्थ होता, ‘बाळ गेलं तर मी आई म्हणून गुन्हेगार.’ महाराजांनी हा अपराधभाव जन्माला घातला नव्हता, त्यांना तो आयता सापडला होता.

“गर्भ पडला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारलं. “म्हणाले, होतं असं कधीकधी.” म्हणजे कारण कुणी सांगितलंच नव्हतं. या सगळ्या काळात कारण सांगणारा एकच माणूस भेटला, आणि तो पैसे मागत होता. ती रिकामी जागा भरणं हे माझं पुढचं काम होतं. कळलेल्या गरोदरपणांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के आपोआप पडतात. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. ही चूक बहुतेक वेळा गर्भ राहतानाच होते. तिचा आईच्या खाण्याशी, कामाशी, भांडणाशी आणि माहेरच्या नागाशी संबंध नसतो. दोन गर्भपात झाल्यावर तपासायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत : थायरॉइड, साखर, रक्ताच्या गुठळ्या घडवणारी प्रतिपिंडं, गर्भाशयाचा आकार आणि गरज पडल्यास नवरा-बायको दोघांची गुणसूत्रं. काकूंच्या मुलीची यातली एकही तपासणी झाली नव्हती, कारण ‘विधी पूर्ण होईपर्यंत दवाखाना नको’ अशी महाराजांची ताकीद होती. तपासण्यांतही काहीच सापडणार नाही, असं होऊ शकतं, हेही मी त्यांना आधीच सांगून ठेवलं. अशा बऱ्याच जोडप्यांना पुढे कोणत्याही खास उपचाराशिवाय मूल होतं.

लेकीशी बोलायचं धाडस काकूंनी केलं. ती म्हणाली, “आई, मला वाटलं तू मला दोष देतेस म्हणून तिकडे जातेस.”

विधी बंद केल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत अवघड असतात, हे आधीच धरून चालावं. दूध नासतं, गाडी पंक्चर होते, कुणाला ताप येतो, आणि प्रत्येक वेळी मन म्हणतं, सुरू झालं. म्हणून थांबण्याआधी एक यादी करावी : विधी चालू असताना मागच्या दोन महिन्यांत घरात काय काय बिघडलं होतं? काकूंच्या यादीत मोटर जळणं, नातवाच्या कांजिण्या, म्हशीचं दूध आटणं असं बरंच निघालं. पुढे काही झालं की त्या आधी ती यादी काढून बघत.

महाराजांचा फोन येतोच. वाद घालू नये. “घरात सगळ्यांना सांगितलंय, सगळे मिळून ठरवू,” एवढं एकच वाक्य, प्रत्येक वेळी तेच. गुपित फुटल्याचं कळलं की निम्मा जोर जातो. एकटं भेटायला जाऊ नये, रोख देऊ नये. नंबर ब्लॉक करण्याआधी संदेश, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि धमकीचे फोन जपून ठेवावेत.

मनाला चैनच पडत नसेल तर पितरांचं श्राद्ध घरच्या भटजींकडून तिथीला नेहमीच्या दक्षिणेत करावं, कुलदैवताला जाऊन यावं. मी अडवत नाही. ज्या विधीत धाक, गुप्तता, मुदत आणि चढती रक्कम नाही, त्याने कुणाचं घर गहाण पडत नाही.

कायद्याचं नीट समजून घ्यावं. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातून ज्योतिषाचा नुसता सल्ला वगळलेला आहे. ‘पितृदोष आहे’ एवढं म्हणणं त्यात बसत नाही. पण तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं आणि दहशत घालणं बसतं. म्हणून काकूंच्या प्रकरणात ते लाल लिंबू महत्त्वाचं ठरलं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. चमत्कार नसेल तरी फसवणुकीचं कलम आहेच, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 318. पैसे फोनवरून गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवावं, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं कठीण. रोख दिलेले परत मिळण्याची आशा कमी असते. काकूंनी तक्रार दिली ती मुलाला बरोबर घेऊन. तारखांचा तो हिशेब, शेजारी बसणाऱ्या बाईंचं वर्णन आणि दीड लाखाच्या मागणीचा संदेश जोडून.

पाटल्या अजून पतसंस्थेत आहेत. हप्ता आता मुलगा भरतो.